व्हिएतनामी लोकांची तीन-चार शब्दांची नावं आदर राखून छोटी कशी करायची? 'मिस्टर न्गुयेन' म्हटलं तर चालतं का?

नाही चालत. यावरून आमच्या घरात चांगलंच वाजलेलं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आडनाव आधी, मधलं नाव मध्ये आणि स्वतःचं नाव शेवटी, हे तुम्हाला माहीत असेलच. हाक मारायची ती शेवटच्या शब्दानं, अगदी सरकारी बैठकीतसुद्धा. न्गुयेन थी थू हा या बाई 'मिस हा' होतात, 'मिस न्गुयेन' नाही. तिथे दर दहांत तीन-चार जणांचं आडनाव न्गुयेन असतं, मग त्या हाकेला ओ कोण देणार?

आमचा वेंगुर्ल्याजवळ काजूचा कारखाना आहे. काजू फोडायची यंत्रं व्हिएतनामहून आणलेली. पत्रव्यवहार काका बघायचे आणि प्रत्येक मेल 'डिअर मिस्टर न्गुयेन' अशी सुरू करायचे. पलीकडे विक्री बघणारा हुंग, हिशेब बघणारी हा आणि दुरुस्तीवाला जूंग (नावं बदलली आहेत), तिघंही न्गुयेन! सगळे एकाच मेलवर. ऐन हंगामात, बी येऊन पडलेली असताना, काकांनी पात्यांची मागणी पाठवली. उत्तर नाही. पुन्हा पाठवली, पुन्हा शांतता. प्रत्येकाला वाटत होतं की मेल दुसऱ्यासाठी आहे. शेवटी मी 'डिअर मिस्टर हुंग' लिहिलं आणि दुपारपर्यंत पात्यांचा दर आला.

काका खूश व्हायच्या ऐवजी भडकले. "अनोळखी माणसाला नुसत्या नावानं हाक? आपण जोशींना सुधीर म्हणतो का?" म्हटलं, काका, सुधीर नाही म्हणत, पण सुधीरराव म्हणतोच की. व्हिएतनामीत हे 'राव'चं काम नावाआधीचा शब्द करतो. साधारण आपल्या वयाच्या किंवा थोड्या मोठ्या पुरुषाला 'आन्ह', तशाच बाईला 'ची', वयस्कर पुरुषाला 'ओंग', वयस्कर बाईला 'बा'. आन्ह हुंग, ची हा. आदर तिथे बसलाय, आडनावात नाही. इंग्रजीत लिहिताना त्याजागी मिस्टर, मिस लावायचं, झालं. नावाआधीचा तो शब्द गाळून नुसतं 'हुंग' म्हटलंत तर मात्र काकांचं म्हणणं बरोबर ठरेल.

काकांनी मग हो ची मिन्ह काढले. "त्यांना तर सगळे 'बाक हो' म्हणतात, म्हणजे हो काका. ते आडनावच ना?" खरं आहे, पण तो अपवाद आहे. ते नाव त्यांनी नंतर घेतलेलं, जन्मनाव न्गुयेन सिन्ह कुंग. नियम बघायचा तर फ्रेंचांविरुद्धची दिएन बिएन फूची लढाई जिंकणारे वो न्गुयेन झाप बघा. जग त्यांना जनरल झाप म्हणतं, जनरल वो कुणी म्हणत नाही. (त्यांचा मधला शब्द ते प्रसिद्ध आडनाव नव्हे. चिन्हं गाळली की दोन्ही सारखेच दिसतात: Nguyên आणि Nguyễn.)

चिन्हांवरून आठवलं. Dũng हा पुरुष, Dung ही बहुतेक वेळा बाई. मेलमध्ये दोन्ही Dung दिसतात. अशा वेळी मधला शब्द बघा: 'थी' असेल तर जवळजवळ नक्की बाई, 'वान' असेल तर बहुधा पुरुष. हल्ली बऱ्याच मुलींच्या नावात 'थी' नसतो, म्हणून तो नाही यावरून काहीच ठरवू नका.

लिहिताना छोटं करायचं तर शेवटचं नाव पूर्ण ठेवा आणि आधीच्यांची आद्याक्षरं घ्या: N.T.T. Hà. आपल्या सवयीनं 'Nguyen H.' केलंत की ओळखायचा शब्दच कापला गेला. तिथल्या अनेक कंपन्यांचे मेल पत्तेही असेच असतात. `hantt` दिसलं की आधी ha हे नाव, मग ntt म्हणजे न्गुयेन, थी, थू. मला तर आधी पत्ता वाचायची सवयच लागली आहे. एकाच खोलीत दोन 'हा' असतील तर मधला शब्द जोडतात, थू हा आणि न्गोक हा. काहींचं हाकेचं नावच असं दोन शब्दी असतं, त्यांनी सही कशी केली आहे ते बघून तसंच लिहा.

आता एक राहिलं. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात वाढलेली मंडळी नावाचा क्रम उलटवतात, आणि त्यांना 'मिस्टर न्गुयेन'ची सवय असते. शोधनिबंधांतही आडनावच चालतं. 2010 मध्ये हैदराबादला फील्ड्स पदक मिळालेले न्गो बाओ चौ गणितज्ञांच्या लेखांत 'न्गो' असतात, मायदेशी 'प्रोफेसर चौ'. तेव्हा समोरचा कुठे वाढला ते आधी बघा, नाहीतर सरळ विचारा, त्यात कुणाला राग येत नाही. काका अजून विचारत नाहीत. ते आता 'डिअर सर' लिहितात, आणि ती मेल हाबाईंनाही जाते.