प्रबंध लिहून झाला, पण सबमिशनची तारीख आली की हात का थांबतो?

प्रश्न: पीएचडीचं पाचवं वर्ष संपत आलंय. प्रबंध जवळजवळ लिहून झालाय, गाईड सबमिट करा म्हणतात. पण प्री-सबमिशन सेमिनारच्या आदल्या आठवड्यात मी दुसरं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं आणि सेमिनार पुढे ढकलला. हे दुसऱ्यांदा झालं. मला यशाचीच भीती वाटते का? काय करू?

उत्तर:

आधी एक साधी तपासणी करा. कागदावर चार तारखा लिहा. दोन्ही वेळा सेमिनारची तारीख कधी ठरली आणि दुसरं प्रकरण कच्चं आहे असं पहिल्यांदा कधी वाटलं. तारीख ठरल्यानंतर आठ-दहा दिवसांतच ते प्रकरण कच्चं वाटू लागलं असेल आणि त्याआधी तारीख नसताना कित्येक महिने ते तसंच पडून असूनही खटकलं नसेल, तर दोष प्रकरणात नाही. तो तारखेमुळे दिसू लागला आहे.

दुसरंच प्रकरण का, हेही बघण्यासारखं आहे. बहुतेक प्रबंधांत दुसरं प्रकरण म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. विश्लेषणाचं प्रकरण संपतं, कारण आकडे संपतात. आढावा कधीच संपत नाही, कारण दर आठवड्याला कुठेतरी नवा शोधनिबंध छापून येतोच. म्हणजे थांबून राहायला प्रबंधात याहून सोयीची जागा नाही. वर गाईडला आणि घरच्यांना सांगताना ते आळशीपणाचं वाटत नाही, काटेकोरपणाचं वाटतं. स्वतःलाही तसंच वाटतं, म्हणून ते ओळखायला इतका वेळ लागतो.

लांबून हवीहवीशी वाटणारी गोष्ट जवळ आल्यावर नकोशी का होते, याचं नील मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात दिलेलं स्पष्टीकरण आजही उपयोगी पडतं. एखाद्या ठिकाणी खाणंही आहे आणि विजेचा झटकाही, असं असेल तर उंदीर निघतो, अर्ध्या वाटेवर थांबतो आणि तिथेच मागेपुढे करत राहतो. कारण ओढ आणि भीती दोन्ही जवळ जाताना वाढतात, पण भीती जास्त वेगाने वाढते. लांब असताना ओढ वरचढ, जवळ आल्यावर भीती वरचढ. तुमचा प्रबंध चौथ्या वर्षी सुरळीत चालला आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी अडला, तो यामुळेच.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. उंदराला आणखी उपाशी ठेवलं तर तो थोडा पुढे सरकतो, पण जिथे थांबतो तिथे भीती आधीपेक्षा जास्त असते. गाईडचं रागावणं, आईचं ‘कधी होणार रे एकदाचं’ आणि स्वतःला दिलेल्या शपथा हे सगळं उपाशी ठेवण्यासारखं आहे. एखादं पाऊल पुढे पडतं, पण तगमग दुप्पट होते. म्हणून जोर वाढवण्याऐवजी झटका कमी करायचा. त्यासाठी झटका नेमका कशाचा आहे ते आधी कळायला हवं.

त्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारा. समजा, दोन्ही बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध आधीच मान्य केला आहे, फक्त सहीचा कागद उद्या द्यायचा आहे. द्याल का? ‘लगेच देईन’ असं आतून आलं तर तुमची भीती निकालाची आहे. पोटात तरीही गोळा आला तर भीती निकालानंतरच्या आयुष्याची आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. सरसकट ‘यशाची भीती’ म्हटलं की हा फरक पुसला जातो, म्हणून मला तो शब्द फारसा आवडत नाही.

पहिली भीती जास्त आढळते. आपल्याकडे म्हण आहेच, झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रबंध अपुरा आहे तोवर तो कितीही मोठा असू शकतो, सबमिट झाला की त्याची किंमत ठरते. 1978 साली बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. काही विद्यार्थ्यांना सुटण्यासारखी कोडी दिली, काहींना मुळात न सुटणारी. दोघांनाही ‘छान गुण मिळाले’ असं सांगितलं. मग पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतलं एक निवडायला दिलं, एक कामगिरी सुधारणारं, दुसरं बिघडवणारं. ज्यांनी केवळ अंदाजपंचे उत्तरं देऊन यश मिळवलं होतं, त्यांच्यातल्या मुलग्यांनी बिघडवणारं औषध जास्त निवडलं. (मुलींमध्ये हा परिणाम तसा दिसला नाही.) आपण कशामुळे यशस्वी झालो हे ज्याला माहीत नाही, तो पुढच्या परीक्षेआधी सबब तयार ठेवतो. नापास झालो तर औषधामुळे, पास झालो तर औषध घेऊनसुद्धा.

सेमिनारच्या आदल्या आठवड्यात प्रकरण उकलून ठेवणं हे त्याच जातीचं औषध आहे. त्यावर उतारा म्हणजे ‘आपण हुशार आहोत’ असं घोकणं नव्हे. आपलं काम कशामुळे उभं आहे हे लिहून काढणं. एका पानावर तीन-चार वाक्यं पुरतात: माझा मुख्य निष्कर्ष कोणता, तो कोणत्या तक्त्यावर उभा आहे, तो चुकीचा ठरायचा तर काय सापडावं लागेल. हे पान लिहिता आलं तर तुमचं यश अंदाजपंचे नाही. लिहिता आलं नाही, तर खरी अडचण तिथे आहे आणि ती गाईडपुढे मांडायची, दुसऱ्या प्रकरणात लपवायची नाही.

दुसरं म्हणजे निकालाची प्रत्यक्ष प्रक्रिया वाचा. मनात ती फाशीच्या निकालासारखी असते. यूजीसीच्या 2022च्या नियमांत गाईडखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक असतात. एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर प्रबंध मंजूर यादीतल्या दुसऱ्या परीक्षकाकडे जातो. दुरुस्त्या सुचवल्या जाणं ही तर नेहमीची गोष्ट आहे.

आता चार आठवड्यांचं गणित मांडू. सेमिनारची तारीख तुम्ही ठरवू नका, गाईडकडून घ्या. पहिल्या दिवशी, ‘सबमिट करा’ म्हणताना गाईडने जी आवृत्ती वाचली होती तीच छापून घ्या, अर्धवट बदललेली नव्हे. नव्याने लिहिलेलं प्रकरण वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. पुसू नका, पुसलं की जीव तिथेच अडकतो. छापील प्रतीवर पेनाने दुरुस्त्या करायच्या, रोज दोन तास, सहा दिवस, आणि फक्त दोन प्रकारच्या. ज्यामुळे आकडा किंवा निष्कर्ष बदलतो अशी चूक, आणि चुकलेला किंवा राहिलेला संदर्भ. बाकी जे जे ‘असं असतं तर बरं झालं असतं’ या सदरात मोडतं, ते एका वहीत. ती वही वाया जात नाही, तोंडी परीक्षेत ‘या अभ्यासाच्या मर्यादा काय?’ हा प्रश्न येतोच आणि तिच्यात उत्तरं तयार असतात.

आठव्या दिवशी प्रत गाईडच्या हातात. मेलने नको, हातात, आणि वेळ आधी ठरवून. प्रत तुमच्याकडे नसली की उघडून बघण्याचा प्रश्नच मिटतो. त्याच आठवड्यात ग्रंथालयात साम्य-तपासणीला फाईल द्या. यूजीसीच्या 2018च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळे दोन-तीन टक्के कमी करण्यासाठी वाक्यं पुन्हा पुन्हा फिरवत बसू नका. हासुद्धा थांबण्याचाच एक लोकप्रिय अड्डा आहे.

तिसरा आठवडा स्लाईडचा. चौथ्यात, बहुधा सेमिनारच्या पाच-सात दिवस आधी, तीच लहर येईल. ती येणार हे गृहीत धरा आणि आजच लिहून ठेवा: ‘दुसऱ्या प्रकरणाची फाईल उघडावीशी वाटली, तर मी वही उघडून एक ओळ लिहीन आणि पहिल्या स्लाईडपासून मोठ्याने बोलायला लागेन.’ ‘मी निग्रह ठेवेन’ या संकल्पापेक्षा असं जर-तर वाक्य जास्त टिकतं, कारण त्या क्षणी विचार करावा लागत नाही. सेमिनार पुढे ढकलायचाच झाला तर ती विनंती तुम्ही चोवीस तास थांबून, प्रत्यक्ष भेटून करायची असं गाईडशी आधीच ठरवा. मेल रात्री दोनला सहज जातो, समोर बसून कारण सांगताना ते स्वतःच्याच कानांना पोकळ वाटतं.

आता दुसरी भीती, नंतरच्या आयुष्याची. फ्रॉइडने 1916 साली एका प्राध्यापकाबद्दल लिहिलं आहे. गुरूंची जागा आपल्याला मिळावी ही त्याची वर्षानुवर्षांची इच्छा, आणि गुरू निवृत्त होऊन ती मिळाली तेव्हा तो स्वतःला अपात्र म्हणू लागला, पुढे काही वर्षं कुठलंच काम करू शकला नाही. फ्रॉइडने यामागे अपराधभाव पाहिला. पीएचडीच्या बाबतीत मात्र कारण बऱ्याचदा जमिनीवरचं असतं. सबमिशनबरोबर फेलोशिप थांबते, हॉस्टेलची खोली सोडावी लागते, ‘अजून शिकतोय’ हे उत्तर हातचं जातं आणि लग्नाचा, नोकरीचा, गावी परतण्याचा विषय निघतो. ही भीती मनाचा खेळ नाही, ती खऱ्या अडचणींची यादी आहे. म्हणून तिच्यावर उपायही खरे हवेत. सबमिशननंतरचे पहिले साठ दिवस लिहून काढा: राहायचं कुठे, महिन्याचा खर्च किती, कोणत्या तीन ठिकाणी अर्ज, घरी काय सांगायचं. सबमिशनच्या पलीकडे उभं राहायला एवढीशी जागा दिसली तरी हात मोकळा होतो.

एक सापळा मुदतीचा. 2022च्या नियमांत सहा वर्षं आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन, अशी सोय आहे. ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य तिथून येतं. मुदत गरजेसाठी असते, पण तुमचा प्रबंध लिहून झालेला आहे.

आणि हे सगळं लागू पडत नाही अशीही एक परिस्थिती आहे. फक्त प्रबंधच नाही तर जेवण, झोप, मित्रांशी बोलणं, आवडीच्या गोष्टी सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ मंदावलं असेल, तर तो सबमिशनचा प्रश्न नाही, नैराश्याची शक्यता आहे. वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.