हात सोडताना येणारी कळ

प्रश्न: भाच्याला अपेंडिक्स झालं होतं. त्याच्या केसपेपरवर 'रिबाउंड टेंडरनेस' असं लिहिलेलं पाहिलं. याला मराठीत काय म्हणतात? आणि 'पोट शेकलंत का?' असं डॉक्टरांनी जरा चिडूनच विचारलं. पोट दुखलं की शेकायचं हे तर आपण लहानपणापासून करतो!

यातल्या 'टेंडरनेस'ला आपल्याकडे अस्सल घरचा शब्द आहे, तो म्हणजे दुखरेपणा. 'पोट दुखतं' ही एक तक्रार आणि 'पोट दुखरं आहे' ही दुसरी. दुखतं हे पेशंट सांगतो, दुखरं आहे की नाही हे हात लावल्यावर कळतं. परिभाषेत 'स्पर्शासह्यता' असा जडशीळ शब्द आहे, तो अर्थाला चोख असला तरी वॉर्डात कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. सोलापूरच्या वॉर्डात तर एका खाटेवर 'पोटात कळ मारतीय', शेजारी कन्नडमध्ये 'होट्टे नोवु' आणि पलीकडे तेलुगूत 'कडुपु नोप्पी' चाललेलं असतं. तिथे स्पर्शासह्यता कुणाला विचारणार?

अडचण आहे ती 'रिबाउंड'ची. 'प्रतिक्षेप' हा शब्द सुचतो, पण 'प्रतिक्षिप्त क्रिया' म्हणजे रिफ्लेक्स हे शाळेपासून डोक्यात बसलेलं आहे, त्यामुळे वाचणारा भलतीकडेच जातो. मी सर्जरीच्या वॉर्डात नोकरी केली, तिथे विद्यार्थिनींना सांगताना आम्ही सरळ 'हात सोडताना कळ' म्हणायचो. एकच शब्द हवा असेल तर मी 'सोडकळ' म्हणेन. 'कळ' शब्द इथे नेमका बसतो. ठणका सारखा चालू राहतो, कळ मात्र एकदम येते आणि माणूस दचकतो. ही तपासणीही त्या दचकण्याचीच आहे.

ती करतात कशी, हे पाहिलं की शब्द आपोआप पटेल. पेशंटला उताणं झोपवून गुडघे थोडे वर घ्यायला लावतात, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. डॉक्टर हात गरम करून घेतात आणि दुखत नाही त्या बाजूने, म्हणजे डावीकडून, सुरुवात करतात. मग बेंबी आणि उजव्या कमरेचं पुढे आलेलं हाड यांना जोडणारी रेघ मनात धरायची आणि हाडापासून एक तृतीयांश अंतरावर यायचं. अमेरिकन सर्जन मॅकबर्नी यांनी 1889 साली दाखवून दिलेली ही जागा. तिथे बोटं सावकाश खोल दाबायची, क्षणभर तशीच धरायची आणि एकदम उचलायची. नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर ठेवायची. दाबताना ओठ आवळून सहन करणारा माणूस हात उचलल्याबरोबर 'आई गं' म्हणतो. मग विचारायचं, 'दाबल्यावर जास्त दुखलं की सोडल्यावर?' 'सोडल्यावर' असं उत्तर आलं, की केसपेपरवर ते दोन शब्द पडतात. 1907 साली ब्लूमबर्ग या जर्मन सर्जननी हे वर्णन केलं, म्हणून याला ब्लूमबर्गची खूणही म्हणतात.

सोडल्यावर जास्त का दुखतं? पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं, पर्युदर किंवा उदरपटल. अपेंडिक्सची, म्हणजे आंत्रपुच्छाची, स्वतःची जाणीव मोघम असते. त्यामुळे सुरुवातीला दुखणं बेंबीभोवती कुठेतरी जाणवतं, पेशंट सगळ्या पोटावरून हात फिरवून 'इथंच कुठंतरी' म्हणतो. काही तासांनी सूज त्या अस्तराला जाऊन भिडते. अस्तराची जाणीव मात्र चोख असते, आता तोच माणूस एका बोटाने जागा दाखवतो. हात एकदम उचलला की दाबलेली भिंत उसळी घेते आणि तिच्यासोबत सुजलेलं अस्तर हिसकलं जातं. म्हणून सोडकळ ही मुळात अस्तराची खूण आहे. अल्सर फुटून पोटात स्राव पसरला तरी ती मिळते. सूज अस्तरभर पसरली की त्याला पेरिटोनायटिस म्हणजे पर्युदरशोथ म्हणतात.

खूण मिळाली नाही म्हणून अपेंडिक्स नाही, असंही म्हणता येत नाही. ते मोठ्या आतड्याच्या मागे किंवा खाली ओटीपोटाच्या पोकळीत दडलेलं असेल, तर पुढच्या अस्तराला लागतच नाही. गरोदर बाईत ते वर सरकलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांत खुणा फिक्या असतात. शिवाय ही तपासणी क्रूर आहे, पुन्हापुन्हा करू नये. कित्येक डॉक्टर आता फक्त 'खोकून दाखवा' म्हणतात किंवा बोटाने हलकेच ठोकून बघतात, तेवढ्यानेही अस्तर हलतं आणि कळतं. घरी कुणी हे करून बघू नये, हेही सांगून ठेवते.

आता शेकाकडे येते. यंत्रमागावर काम करणारा विशीतला एक पोरगा आमच्याकडे आला होता. आदल्या संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, एकदा उलटी झाली. घरच्यांनी शेंगाचटणी आणि भाकरीला दोष दिला. रात्रभर गरम पाण्याची रबरी पिशवी, वर दोन चमचे एरंडेल. सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि पावलागणिक बोचू लागलं. दुपारी मात्र एकदम आराम पडला. आई म्हणाली, 'शेकानं उतरलं.' पोरानं वरणभातही खाल्ला. संध्याकाळी सगळं पोट दुखायला लागलं, तेव्हा रिक्षात घालून आणलं. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळली की तो ओरडत होता. खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन अगदी निपचित पडून राहिला. पोटशूळाने तळमळणारा माणूस कूस बदलत राहतो, पर्युदरशोथ झालेला हलतसुद्धा नाही. पोट फळीसारखं कडक, नाडी 120, अंगात ताप. अशा पोटावर सोडकळ बघायची गरजच नसते, डॉक्टरांनी बघितलीही नाही. दुपारचा तो आराम शेकाचा नव्हता. तुंबलेलं अपेंडिक्स फुटलं, आतला दाब गेला, म्हणून घटकाभर बरं वाटलं. ऑपरेशनमध्ये अपेंडिक्सला भोक पडलेलं आणि पोटात पू सापडला.

अपेंडिक्स ही एका टोकाला बंद असलेली नळी. तिचं तोंड मळाच्या खड्याने किंवा सुजेने बुजलं की आत स्राव साठतो आणि दाब वाढतो. रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा आधी दबतात, म्हणजे रक्त आत येतं पण बाहेर पडत नाही. सूज आणखी चढते, पुढे भिंतीला रक्तच मिळेनासं होतं, ती सडते आणि फुटते. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त आणखी ओढलं जातं, फुटायला हातभार लागतो, असं आम्हाला शिकवलं गेलं. वरून दिलेली ऊब इतक्या खोल कितपत पोचते यावर वाद घालता येईल. पण दुसऱ्या कारणावर वाद नाही: शेकाने दुखणं दबतं, घरचे निर्धास्त होतात आणि हाताशी असलेले तास निघून जातात. एरंडेलाचं तर त्याहून वाईट, ते आतड्याला जोराने ढवळतं आणि दाब वाढवतं. एनिमाही त्याच कारणाने देत नाहीत. पाळीच्या दुखण्याला शेक चालतो, तिथे आवळलेला स्नायू सैल करायचा असतो. मात्र उजवीकडचं, वाढत जाणारं, तापासोबतचं दुखणं 'पाळीचंच असेल' म्हणून शेकत बसू नये.

ऑपरेशनआधीच्या तयारीतही एक शब्दाचा घोटाळा नेहमी होतो. केसपेपरवर 'एनबीएम' म्हणजे 'निल बाय माउथ' लिहितात, आणि नातेवाइकांना सांगताना 'उपाशी ठेवा' म्हणतात. आपल्या उपासाला चहा, साबुदाणा, केळं सगळं चालतं! 'खाऊ नका' म्हटलं तरी पाणी प्यायलं जातंच. म्हणून मी 'तोंडाने काहीच नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही' असं म्हणायची. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये, यासाठी ते असतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनला जेवणानंतर निदान 6 तास जाऊ देतात. पर्युदरशोथात आतडी थंडावलेली असतात, तिथे या घड्याळावर विसंबता येत नाही, म्हणून नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात. त्या पोराच्या नळीतून दुपारचा भात आला.

बाकी काम सलाइनचं. उलट्यांनी आणि सुजलेल्या अस्तरातून पाझरून अंगातलं पाणी गेलेलं असतं. ते भरून निघतंय का, हे लघवीवरून कळतं: 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली व्हायला हवी. अँटिबायोटिकची शिरेतली मात्रा चिरा देण्याआधी तासाभरात जायला हवी, पर्युदरशोथात तर ती निदान झाल्याबरोबर सुरू होते. दुखणं झाकलं जाईल म्हणून पूर्वी वेदनाशामक अडवून ठेवायचे, आता डॉक्टर तपासून देतात, त्याने निदान चुकत नाही. पाठीखाली उशा देऊन डोकं उंच आणि गुडघे वाकवून ठेवलं की पोटावरचा ताण कमी होतो. पोराच्या कमरेला चांदीचा करदोडा होता. तो काढायचा म्हटल्यावर आई ऐकेना. चिऱ्याच्या जागेजवळ धातू आणि ऑपरेशनला विजेचं उपकरण, त्याने भाजू शकतं, असं सांगितलं तेव्हा तिनेच तो सोडून पदरात बांधला.

तुमच्या डॉक्टरांचं चिडणं शेकाच्या त्या गेलेल्या तासांवरचं असणार. शेकलं असेल तर लपवू नये, कधी शेकलं ते सांगावं. दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, आणि मध्येच एकदम थांबलं होतं का, हेही सांगावं. त्यातलं शेवटचं सहसा कुणी आपणहून सांगत नाही, कारण घरच्यांच्या मते तेव्हा बरं वाटलेलं असतं.