देव्हाऱ्यातला अखंड दिवा आणि पेटलेलं तेल

प्रश्न: नवरात्रात अखंड दिवा लाकडी देव्हाऱ्यात रात्रभर ठेवला तर चालतंय का? तेलानंच पेट घेतला तर पाणी मारायचं का?

देव्हाऱ्यात नको, बाहेर फरशीवर पितळी परातीत वाळू घालून ठेवा, आणि तेल पेटलं तर पाणी अजिबात मारू नका, वरून स्टीलचं झाकण नाहीतर उपडं पातेलं ठेवा. आमच्या शहापुरातल्या जुन्या घरात देव्हाऱ्याच्या छताला ज्योतीच्या बरोबर वर काळपट डाग पडलेला, तिथं नख लावलं की लाकडाचा कोळसाच निघायचा, म्हणजे लाकूड आतून जळायलंय. तुमच्यात पण एकदा हात लावून बघा की. तेल कमी झालं, वात मोठी ठेवली की उरलेलं तेल तापत जातं आणि सगळं एकदम पेटतं, पाणी तेलापेक्षा जड त्यामुळं ते खाली जातं, लगेच वाफ होते आणि जळतं तेल वर उडवते. झाकणानं हवा तुटते, पण गार होईपर्यंत उचलायचं नाही, नाहीतर परत भडकतं. फक्त पडदा किंवा लाकूड पेटलं असेल तर पाणीच मारायचं, लायटिंगच्या माळा असतील तर आधी मेन स्विच बंद. आवरेना झालं तर बाहेर पडून ११२ ला फोन करा.