पगारवाढ तोंडी ठरली होती, आता कन्फर्मेशन लेटरवर सही करू का?

"मॅडम नमस्कार. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. ३२ हजारावर घेतलं, मॅनेजर म्हणाले सहा महिन्यांनी ४० करतो. सात महिने झाले. परवा कन्फर्मेशन लेटर दिलं, पगार तोच. लेखी काहीच नाहीये, फक्त मध्ये एकदा व्हॉट्सॲपवर विचारलं तेव्हा 'हो लक्षात आहे, कन्फर्म झालास की ४०' असं त्यांनी टाकलं होतं. लेटरवर सही करून द्यायचीये. काय करू?"

आधी त्या लेटरवर सही करायची थांबा, एकदोन दिवसांनी काही बिघडत नाही. आणि लेखी काहीच नाही म्हणताय, मग तो मेसेज काय आहे? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांकडे तेवढंही नसतं.

तोंडी करार आपल्याकडे चालतो, १८७२ च्या करार कायद्यात पगाराचं कागदावरच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे शब्द. 'बघू', 'करू काहीतरी', 'चांगलं काम कर, तुझं बघतो' याला कोर्टात काही किंमत नाही, कारण किती आणि कधी हेच ठरलेलं नसतं आणि मोघम कराराला कायदा करार मानत नाही. तुमच्या मेसेजमध्ये आकडा आहे आणि वेळही आहे, म्हणून तो कामाचा.

दुसरं म्हणजे तुमचं अपॉइंटमेंट लेटर. ते काढा आणि पगारवाढीचा क्लॉज नीट वाचा. बहुतेक लेटरमध्ये एक ओळ असते की वाढ ही मॅनेजमेंटच्या मर्जीवर, आणि शेवटी कुठेतरी असं की या पत्राआधीचं सगळं बोलणं यात आलं, बाहेरचं काही धरलं जाणार नाही. अशी ओळ असेल तर इंटरव्ह्यूमध्ये काय बोलले ते सांगून फारसा उपयोग नाही, लेखी कराराच्या उलट जाणारा तोंडी पुरावा कोर्ट सहसा घेत नाही. पण तुमचा मेसेज जॉइनिंगनंतरचा आहे, म्हणजे नंतर झालेलं नवीन बोलणं, तिथे तुमची बाजू थोडी बरी होते. तरी कंपनी म्हणणारच की मॅनेजरला पगार वाढवायचा अधिकारच नव्हता, तो एचआरचा. म्हणून गोष्ट एचआरपर्यंत कागदावर जायला हवी.

आता कन्फर्मेशन लेटर. त्यात 'बाकीच्या अटी पूर्वीप्रमाणेच' असं असणार, बघा. तुम्ही गुपचूप सही केली की उद्या ते म्हणतील, ३२ मान्य करून सही केलीत की. लगेच सगळं संपतं असं नाही, पण आपणच त्यांच्या हातात कागद का द्यायचा. म्हणून सहीच्या आधी मॅनेजरला मेल, एचआरला सीसी, ऑफिसच्या आयडीवरून. भाषा ऑफिसची ठेवा, मजकूर साधारण असा:

"कन्फर्मेशन लेटर मिळालं, आभार. कन्फर्मेशननंतर पगार महिना ४०,००० होईल असं आपण मला अमुक तारखेच्या मेसेजमध्ये कळवलं होतं. लेटरमध्ये ३२,००० आहे. सुधारित लेटर मिळेल का, की वेगळं पत्र येणार आहे, कृपया कळवावं."

बस, एवढंच. तक्रारीचा सूर नको, 'फसवलं' वगैरे तर अजिबात नको. या मेलला मॅनेजर 'अप्रूव्हलला टाकलंय' असं एका ओळीचं उत्तर देतात ना, तीच ओळ तुमचा सगळ्यात चांगला पुरावा. उत्तरच आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलवर पुन्हा विचारा. तरी सही मागितली तर सहीच्या वर हाताने लिहा, 'पगाराबाबत अमुक तारखेच्या मेलच्या अधीन राहून', आणि लेटरचा फोटो काढून ठेवा.

एचआरने सरळ नाही म्हटलं तर मात्र खरं सांगते, फरक महिन्याला ८ हजार, वर्षाचे ९६ हजार, त्यासाठी चालू नोकरीत कोर्टात जा असं मी म्हणणार नाही, केस वर्षानुवर्षं चालते आणि रोज त्याच मॅनेजरसमोर बसायचंय. लेबर ऑफिसचंही तसंच, ठरलेला पगार थकवला तर ते ऐकतात, पण 'मिळायला हवा होता' अशा पगाराचा वाद तिथे फारसा टिकत नाही. मेलचा कागद तयार असेल तर तो अप्रेझलला कामी येतो, आणि नोकरी सोडताना हिशोबात मागता येतो. प्रत्येक महिन्याच्या फरकासाठी तो महिना देय झाल्यापासून साधारण ३ वर्षं दावा करता येतो, त्यामुळे चिडून राजीनामा टाकायची घाई नको, उलट तुम्हीच नोटीस पिरियडमध्ये अडकाल.

चॅटचं एक. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं आणि समोरच्याने नाकारलं तर मूळ चॅट दाखवावं लागू शकतं. तेव्हा ते डिलीट करू नका, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या मेलवर ठेवा. आणि फोन कंपनीने दिलेला असेल तर हे मेल पाठवायच्या आधी करा.