व्ही, डब्ल्यू आणि आपला मधला व

प्रश्न : मी इंग्रजीत ‘वेस्ट’ म्हटलं की समोरच्याला ‘व्हेस्ट’ ऐकू येतं आणि ‘व्हेरी’ म्हटलं की ‘वेरी’. मराठीत तर आपण व आणि व्ह वेगळे लिहितो, बोलतोही. मग इंग्रजीत नेमकं उलटं का होतं? आणि सराव कसा करायचा?

उलटं होत नाही. उलटं ऐकू येतं. बहुतेक मराठी माणसं दोन्ही ठिकाणी तिसराच आवाज काढतात, आणि तो आपल्या व-चा असतो.

आरशासमोर उभं राहून ‘वीस’, ‘वेळ’, ‘वीट’ म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो, पण त्यांवर टेकून घासत नाही. जवळ जाऊन परत फिरतो. ओठांचा चंबूही होत नाही. इंग्रजी व्हीला दातांवर ओठ टेकून घर्षण हवं असतं. डब्ल्यूला दातांशी काही देणंघेणं नसतं, तिथे ओठ गोल हवेत. आपल्या व-मध्ये घर्षणही नाही आणि पुरता चंबूही नाही. म्हणून तुमच्या ‘वेस्ट’मध्ये इंग्रज कानाला गोलावा सापडत नाही, तो त्याला व्ही समजतो. ‘व्हेरी’मध्ये घर्षण सापडत नाही, तो त्याला डब्ल्यू समजतो. जे अपेक्षित होतं ते मिळालं नाही, एवढंच त्याला कळतं.

आता ‘स्वर’, ‘द्वार’, ‘त्वचा’ म्हणून बघा. इथे बहुतेकांचे ओठ बऱ्यापैकी गोल होतात. म्हणजे एकाच अक्षरात मराठी माणूस जागा बघून दोन छटा वापरतो आणि ते त्याच्या कानाला जाणवत नाही, कारण त्या फरकाने मराठीत अर्थ बदलत नाही. रोमन लिपीत नावं लिहिताना मात्र ही छटा नकळत उतरते. ‘विश्वास’ लिहिताना पहिल्या व-ला व्ही आणि दुसऱ्याला डब्ल्यू देणारे पुष्कळ. गावांच्या नावांत मात्र काही धरबंध नाही. नवी मुंबईतली वाशी व्हीने सुरू होते आणि विदर्भातलं वाशीम डब्ल्यूने. वसईला व्ही, वर्ध्याला डब्ल्यू. लहानपणापासून ही स्पेलिंगं बघितल्यावर व्ही आणि डब्ल्यू म्हणजे व लिहायच्या दोन पद्धती, असं डोक्यात बसतं.

राहिला व्ह. हिंदीत व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना बहुधा नुसता व लिहितात, ‘वोट’, ‘वीडियो’. आपण व्हीसाठी व्ह नेमला, ‘व्होट’, ‘व्हिडिओ’, ‘ड्रायव्हर’. सोय चांगली आहे, पण तिच्यात दोन ठिकाणी खोट आहे. पहिली म्हणजे आपला व्ह हा ‘जेव्हा’, ‘नव्हता’मधला महाप्राण आहे. त्यात ह-चा श्वास सुटतो, घर्षण नसतंच. तोंडासमोर तळहात धरून ‘नव्हता’ म्हणा, मग तसंच ‘व्हॅन’ म्हणा. दोन्ही वेळा हातावर सारखीच फुंकर आली तर तुम्ही इंग्रजी व्ही म्हणत नाही, मराठी व्ह म्हणताय.

दुसरी खोट जास्त नडते. व्ह आपण आणखी एका कामाला जुंपलाय : ज्या शब्दांत डब्ल्यूनंतर एच येतो त्यांना. ‘व्हाइट’, ‘व्हील’, ‘व्हिस्की’, ‘व्हॉट्सॲप’. इथे व्ही कुठेच नाही. जुन्या इंग्रजीत हे शब्द एच आधी आणि डब्ल्यूचा आवाज नंतर असे लिहिले जात, उच्चारही ‘ह्व’सारखा होता. पुढे लिहिण्यातला क्रम फिरला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही भागांत तो ‘ह्व’ अजून ऐकू येतो. इतरत्र बहुतेक ठिकाणी ‘व्हाइट’ची सुरुवात अगदी ‘वाइन’सारखी होते. आपण मात्र स्पेलिंगमधला एच बघून व्ह लिहिला आणि लिहिला तसा वाचला. (‘जिह्वा’ला ‘जिव्हा’ म्हणणाऱ्यांना यात नवल वाटायला नको.) परिणाम असा की समुद्रातला व्हेल आणि नववधूच्या चेहऱ्यावरचा व्हेल देवनागरीत एकसारखे दिसतात. इंग्रजीत पहिला डब्ल्यूचा, दुसरा व्हीचा. चाकाचं ‘व्हील’ आणि वासराच्या मांसाचं ‘व्हील’ यांचंही तेच.

तेव्हा पहिलं काम तोंडाचं नाही, डोळ्यांचं. देवनागरीत व्ह दिसला की इंग्रजी स्पेलिंग आठवायचं. व्ही असेल तर दात, डब्ल्यू-एच असेल तर चंबू. ‘हू’, ‘हूज’, ‘होल’ अशा मोजक्या शब्दांत डब्ल्यू मुकाच राहतो, ते आपण बरोबरच म्हणतो.

सरावात मी डब्ल्यू आधी घ्यायला सांगेन, कारण ‘वी’, ‘विल’, ‘विथ’, ‘वेन’, ‘विच’ हे शब्द दर वाक्याला येतात आणि नेमके इ-ए पुढे असतानाच आपले ओठ दातांकडे धावतात. शिकवणारे सहसा ‘ऊ’पासून सुरुवात करायला सांगतात : ‘ऊ-एस्ट’ म्हणा, मग ‘ऊ’ आखूड करत न्या. हे चालतं. पण मराठी माणसाला याहून सोपी वाट आहे. आपल्याला ‘स्व’ आणि ‘त्व’ येतोच. म्हणून ‘स्वेल’ म्हणा, ओठ कुठे गेले ते आरशात बघा, आणि तोच आकार ठेवून पुढचा स काढून टाका : ‘वेल’. तसंच ‘स्विंग’मधून ‘विंग’, ‘ट्विन’मधून ‘विन’, ‘स्विच’मधून ‘विच’. स-ला आधार म्हणून ठेवायचं आणि मग काढून घ्यायचं. आरशात या शब्दांच्या सुरुवातीला वरचे दात दिसता कामा नयेत. दात दिसले की ओठ मधल्या जागी गेला असं समजा. आणखी एक खूण म्हणजे डब्ल्यू लांबवता येत नाही. लांबवायला गेलात तर त्याचा ‘ऊ’ होतो. तुमचा आवाज लांबवल्यावर ‘ऊ’ न होता व-च राहत असेल, तर चंबू झालेला नाही.

व्ही लांबवता येतो, आणि त्याचा सराव तसाच करायचा. आधी ‘फॅन’ म्हणा, पण फ दातांवरचा हवा, ‘फळ’मध्ये काही जण दोन्ही ओठ मिटून म्हणतात तो नव्हे. खालच्या ओठाची आतली ओली कड वरच्या दातांवर हलकी टेकवून ‘फ्‌ऽऽऽ’ असा तीनेक सेकंद सोडा. मग तोंड जराही न हलवता त्यात आवाज मिसळा. गळ्यावर बोट ठेवलंत तर थरथर लागते आणि ओठाला गुदगुल्या होतात. हाच व्ही. आता जोड्या घ्या : ‘फॅन-व्हॅन’, ‘फेरी-व्हेरी’, ‘फास्ट-व्हास्ट’, ‘फाइन-व्हाइन’ (द्राक्षवेल, दारू नव्हे). प्रत्येक व्ही आधी मुद्दाम लांब, मग नेहमीच्या लांबीचा.

बिघडतं दोन प्रकारे. ओठ चावल्यासारखा दाबला तर हवा अडते आणि ‘भॅन’सारखं काहीतरी निघतं. हे ऐकू आलं तर दाब कमी करा. दुसरं म्हणजे ओठ टेकतो पण क्षणात सुटतो, म्हणजे पुन्हा आपला व. लांबवून म्हणण्याचा खटाटोप याच्यासाठीच.

दोन्ही आवाज सुटे जमले की एक छोटं वाक्य पुरतं : ‘वन ऑफ द ट्वेल्व्ह’, म्हणजे बारांपैकी एक. ‘वन’च्या स्पेलिंगची सुरुवात ओने होते, तरी उच्चार डब्ल्यूचा, म्हणून चंबूने सुरू करा. ‘ऑफ’चं स्पेलिंग एफने संपतं, पण ‘पैकी’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चार व्हीने संपतो, ‘अव्ह’सारखा. ‘बंद’ या अर्थाच्या ‘ऑफ’मध्ये दोन एफ असतात आणि तिथे खरोखर फ असतो. आपण दोन्हींना एकच ‘ऑफ’ म्हणतो. म्हणून इथे ओठ दातांवर टेकवून आवाज चालू ठेवा आणि न थांबता ‘द’वर जा. मग ‘ट्वेल्व्ह’ : ट-नंतरचा डब्ल्यू ‘त्व’सारखा आपोआप गोल होतो, लगेच ओठ मागे घेऊन ‘एल’, आणि शेवटी खालचा ओठ वर दातांवर. हा शेवटचा व्ही गाळला जातो किंवा त्याच्यामागे ‘अ’ चिकटतो, ‘ट्वेल्व’. ‘फाइव्ह’, ‘हॅव्ह’, ‘लिव्ह’मध्येही तेच. ओठ दातांवर ठेवूनच शब्द संपवा, उघडायची घाई नको. एका वाक्यात ओठ दोनदा गोल होतात आणि दोनदा दातांवर जातात. आरशासमोर सावकाश म्हणताना या चारही हालचाली मोजता आल्या पाहिजेत. मगच वेग वाढवा.

रोज दहा मिनिटं पुरेत, पण तपासणी स्वतःच्या कानांनी करू नका. आपल्याला काय म्हणायचं होतं ते आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे कान फसतो. वेस्ट-व्हेस्ट, वेट-व्हेट, वाइन-व्हाइन, वर्स-व्हर्स, वायपर-व्हायपर असे दहा शब्द उलटसुलट क्रमाने वाचा. दोन्ही आवाज नीट ओळखणाऱ्या कुणाला तरी प्रत्येक शब्द व्हीचा की डब्ल्यूचा एवढंच लिहायला सांगा. अंदाजानेही पाचएक बरोबर येतात, म्हणून आठ-नऊ येईपर्यंत जमलं म्हणू नका. चुका सगळ्या एकाच बाजूच्या असतील तर तेवढाच आवाज पुन्हा घ्या. डब्ल्यूचा सराव अंगवळणी पडला की काही दिवस व्हीलाही चंबू येतो आणि ‘वेरी वेल’ व्हायला लागतं. ते दिसलं की डब्ल्यू थांबवून फक्त फ-व्हच्या जोड्यांवर या.

एक कोपरा सगळ्यांना शेवटपर्यंत छळतो. ‘वुमन’, ‘वुड’, ‘वूल’ या शब्दांत डब्ल्यूनंतर पुन्हा उ-ऊचाच गोलावा असल्यामुळे डब्ल्यू त्यात बुडतो आणि ‘उमन’, ‘उड’ असं ऐकू येतं. इथे सुरुवातीचा चंबू स्वराच्या चंबूपेक्षा घट्ट हवा. शीळ घालायच्या बेतात ओठ आवळा आणि ‘उ’ म्हणताना किंचित सैल सोडा. त्या सैल सुटण्यातच डब्ल्यू ऐकू येतो.