खोट्या फरच्या गुठळ्या, गळणारी लव आणि धुण्याची पद्धत

प्रश्न : मुलीच्या जॅकेटच्या टोपीला खोट्या फरची कड आहे. तिच्या गुठळ्या झाल्यात आणि केसही गळतात. घरी धुतली तर चालेल का?

धुता येईल, पण त्याआधी एक चिकट झुपका सुईने उकलून उजेडात नीट पाहा. तंतू सुटे होत असतील, तर हनुवटीचा घाम, तेलकटपणा आणि आधीच्या धुण्यात राहिलेला साबण यांनी ते एकमेकांत अडकले आहेत, एवढेच. टोकांना मात्र बारीक टणक मणी लागत असतील आणि लव केरसुणीसारखी खरखरीत वाटत असेल, तर तंतू उष्णतेने वितळलेले आहेत. ही फर बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टरची, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच असते. ते धुऊन पूर्ववत होत नाही. माझ्या भाचीच्या अस्वलाचे पोट मीच हेअर ड्रायरच्या गरम झोताने असे बिघडवले होते. शेवटी मणी आलेली टोके कात्रीने छाटावी लागली.

गळतीचेही तसेच आहे. केस फक्त शिवणीच्या कडेने येत असतील, तर ते कापताना तुटलेले तंतू असतात आणि थोड्या दिवसांत थांबतात. मधल्या भागातून चिमटीत झुपके येत असतील आणि मागचा लेप तडकून त्याची भुकटी पडत असेल, तर तंतू धरून ठेवणारा तो लेपच गेला आहे. अशी कड धुतल्यास अधिकच गळेल, तेव्हा ती बदलावी.

कड सुटी होत असेल तर काढून घ्या. प्रथम कोरडीच झटका आणि कुत्र्यांसाठी मिळतो तसा बारीक तारांचा ब्रश घ्या. झुपका बुडाशी बोटांनी धरून टोकाकडून बुडाकडे थोडे थोडे विंचरा, नाहीतर ओढ थेट मागच्या विणीवर येते. नंतर चार-पाच लिटर कोमट पाण्यात (सुमारे ३० अंश) चमचाभर द्रव साबण मिसळून, आतल्या बाजूला लपलेल्या जागी ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग निघतो का ते पाहा. कड त्या पाण्यात हलकेच दाबत धुवा. चोळू किंवा पिळू नका. पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत खळबळा, कारण राहिलेला साबणच पुन्हा चिकटा आणतो. ब्लीच वापरू नये आणि ड्राय क्लीनिंगला देण्यापूर्वी लेबल वाचावे, कारण काही द्रावणांनी मागचा लेप सुटतो.

टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत पंख्याखाली आडवी पसरा. अर्धवट ओली असताना एकदा आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा विंचरा. इस्त्री किंवा वाफ अजिबात लावू नका. वरून कोरडी लागली तरी बुडाशी ओल राहते, म्हणून जॅकेटला परत लावण्यापूर्वी मागची बाजू गालाला लावून पाहा; गार लागली तर आणखी वाळू द्या.