चार्टवर भाव तोच, तरी पाव पैसे गेले असते

"सर, बेस चेनवर एक टोकन आहे, आठवड्यात तिप्पट झालंय, आत्ता 0.10 डॉलर. चार्ट एकदम क्लीन, प्रत्येक डिपला बाइंग येतंय. पूल युनिस्वॅप व्ही2 चा आहे, लिक्विडिटी 60,000 डॉलर दाखवतंय. साडेचार लाखांची एफडी मोडून 5000 यूएसडीसी एकदम टाकू का? 30% वर गेलं की विकून एफडी परत करेन."

नका मोडू. आणि टोकन वाईट आहे म्हणून नाही, ते चांगलं की वाईट मला माहीतच नाही. तुमची रक्कम त्या पूलसाठी फार मोठी आहे म्हणून नका. तुमचं 30% चं टार्गेट लागलं तरीही तुम्ही तोट्यात बाहेर पडाल, हे आधी आकड्यांत दाखवतो, मग चार्टकडे येऊ.

60,000 लिक्विडिटी म्हणजे पूलच्या, ज्या साठ्याशी तुम्ही अदलाबदल करता त्याच्या, दोन्ही बाजू मिळून. त्यातले 30,000 यूएसडीसी, म्हणजे डॉलरला बांधलेली कॉइन, आणि उरलेल्या 30,000 चे टोकन, म्हणजे 0.10 च्या भावाने 3 लाख नग. तुम्ही विकायला जाल तेव्हा समोर पैसे आहेत ते 30,000 च, 60,000 नाहीत, आणि तेसुद्धा सगळ्या विकणाऱ्यांत मिळून. व्ही2 पूलमध्ये खरेदीदार-विक्रेत्यांच्या ऑर्डर नसतात, फक्त x × y = k हा नियम असतो, दोन्ही बाजूंचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. म्हणून तुम्ही यूएसडीसी टाकत जाता तसा पुढचा प्रत्येक टोकन आधीच्यापेक्षा महाग मिळतो.

आता तुमचे 5000. त्यातून 0.3% फी गेली, 4985 कामाला लागले, आणि तुम्हाला मिळाले साधारण 42,750 टोकन. स्क्रीनवर 0.10 दिसत होता म्हणून तुम्ही 50,000 धरून चालला होतात. सरासरी खरेदी पडली 0.117 ला, म्हणजे 17% महाग. यालाच प्राइस इम्पॅक्ट म्हणतात. आणि खरेदी झाल्यावर पूलचा भाव होतो 0.136, चार्टवर 36% ची हिरवी कँडल, जी फक्त तुमची एकट्याची आहे. वॉलेट दाखवेल की तुमच्याकडे 5,800 डॉलरचा माल आहे. बघा, खरेदी करताच 800 चा फायदा! तो फायदा काढता येत नाही, त्याच क्षणी सगळं विकलं तरी फी जाऊन 4,974 च्या आसपास हातात येतात.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं, पण भाव एकदम 36% वर गेला की जुने धरून बसलेले लोक विकतात, बॉटही विकतात, आणि समजा भाव परत 0.10 वर आला. चार्टवर बघितलं तर काहीच झालं नाही, तुम्ही आलात तेव्हा 0.10, आत्ताही 0.10. आता विका: मिळतील सुमारे 3,730. पाव रक्कम गेली, आणि चार्ट म्हणतो भाव जागेवर आहे. भाव 0.13 झाला, म्हणजे तुमचं 30% चं टार्गेट लागलं, तरी सगळं विकून 4,770 च्या आसपास मिळतात. टाकलेले 5000 परत यायलाच भाव 0.137 च्या जवळ हवा, म्हणजे 37% वर. टार्गेट चार्टच्या भावावर ठरवलंत, पण पैसे येतात ते विक्रीच्या कोटवर. स्वॅप स्क्रीनवर तुम्ही घेणार आहात तितके टोकन उलट्या बाजूने विकायला टाकून बघा, कन्फर्म करायचं नाही, नुसता आकडा वाचायचा. मला तरी चार्टपेक्षा हा आकडा जास्त खरा वाटतो.

आता त्या तिप्पट चार्टचं. या प्रकारच्या पूलमध्ये भाव तिप्पट व्हायला यूएसडीसीची बाजू 1.73 पट व्हावी लागते. आज 30,000 असतील तर आठवड्यापूर्वी साधारण 17,300 असणार (मधे कुणी लिक्विडिटी टाकली-काढली नाही असं धरून). म्हणजे निव्वळ 12,700 डॉलर आत आले आणि भाव तिप्पट. तुम्हाला दिसतंय "प्रत्येक डिपला बाइंग", पण 10% ची हिरवी कँडल बनवायला इथे दीड हजारच्या आत खर्च येतो, 60 लाख डॉलरच्या पूलमध्ये त्याच कँडलला जवळपास दीड लाख लागले असते. कँडल दोन्हीकडे सारखीच दिसते. म्हणून सपोर्ट, ब्रेकआउट वगैरे जे तुम्ही मोठ्या कॉइनच्या चार्टवर शिकलात ते इथे लावताना आधी विचारायचं की ही रेघ मोडायला किती डॉलर लागतात, आणि एकच माणूस ते करू शकतो का. दीड हजार डॉलरची भिंत असेल तर ती भिंत नाहीये.

अजून एक गोष्ट चार्टवर अजिबात दिसत नाही. लिक्विडिटी देणाऱ्याने आपला वाटा काढला तर दोन्ही बाजू एकाच प्रमाणात कमी होतात, त्यामुळे भाव हलतच नाही. रेघ सरळ आणि खालची जमीन गेलेली. म्हणून रोज दोन्ही बाजूंचा साठा लिहून ठेवायचा, डेक्सस्क्रीनरवर दिसतो. यूएसडीसी कमी आणि टोकन जास्त झाले तर कुणीतरी विकलंय, ते नॉर्मल आहे. दोन्ही एकदम कमी झाले तर लिक्विडिटी काढली जातेय, आणि एलपी टोकन, म्हणजे लिक्विडिटी टाकल्याची पावती, लॉक किंवा बर्न नसतील तर उरलेलीही काढता येते.

"मग पाच तुकड्यांत घेतो" असं म्हणाल. लगेच लगेच पाच तुकडे केले तर गणित जवळपास तेच येतं, पूलला फरक पडत नाही. मधे भाव परत खाली यायला वेळ दिला तरच तुकड्यांचा उपयोग, आणि तेव्हाही बाहेर पडताना सगळे टोकन एकाच दारातून जातात. आणि स्लिपेज टॉलरन्स 15-20% करून ट्रेड पास करून घेऊ नका. ती तुम्ही दिलेली परवानगी आहे, "इतकं वाईट मिळालं तरी चालेल" अशी, मधे घुसणारे बॉट त्याच्यावरच जगतात.

टॅक्स पण धरा. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30% आणि वर सेस, आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे इथे गेलेले 1,270 डॉलर टॅक्समध्येही कुठेच कामाला येणार नाहीत. यूएसडीसी ऐवजी इथर देऊन घेणार असाल तर ती इथरची विक्रीच धरली जाते.

घ्यायचंच असेल तर मी एका बाजूच्या 1% च्या वर जाऊ देणार नाही, इथे म्हणजे 300 डॉलर, तेही एफडीबाहेरचे. त्यात घेऊन त्याच भावाला विकलं तर खर्च अडीच टक्क्यांच्या आसपास, हे सहन होण्यासारखं आहे. एलपी लॉक आहे का, किती तारखेपर्यंत, हे आधी बघा. नंतर दुसरे 300 टाकावेसे वाटले तर त्या दिवशीचा यूएसडीसी आणि टोकन दोन्हींचा साठा मला पाठवा, दोन्ही कमी झाले असतील तर दुसरी खरेदी नाही, भाव कितीही वर असला तरी.